नाना, मामींसाठी ओढलेल्या त्या खुर्चीबद्दल

आदरणीय नाना,

सप्रेम नमस्कार.

३१ मे २०२६ ला रविवार आहे. आदेशात आस्थापना लिपिक म्हणून तुमची निवृत्ती त्या दिवशी 'मध्यान्होत्तर' लिहिली आहे, पण तेव्हा कार्यालयाला कुलूप असणार. म्हणून नारळ, शाल, फेटा, कंदी पेढे हे सगळं शुक्रवारी २९ तारखेलाच उरकतोय. भाषणं साहेब लोक करतील. त्यात 'तीस वर्षांची निष्कलंक सेवा' आणि 'दुसरी इनिंग' हे शब्द येणारच. आम्हाला मात्र तुमचे आभार नेमके कशाबद्दल मानायचे ते पक्कं ठाऊक आहे, आणि ते माइकवर धड बोलता येणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी वयाचं. कागदावर तुमचा जन्म १ जून १९६८ चा. आपल्या कार्यालयात १ जूनचे वाढदिवस इतके आहेत की त्या दिवशी केक कुणासाठी आणायचा हा प्रश्न पडतो. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराची तारीख घरच्यांना सांगता आली नाही की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून साताऱ्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात ३१ मेला निरोपांची रांग लागते. तुमच्या आई सांगायच्या की तुम्ही बेंदराच्या आदल्या दिवशी झालात. म्हणजे आषाढ, बहुतेक जुलै. ती तारीख लागली असती तर १ जुलैची वेतनवाढ पदरात पडून मग निवृत्ती आली असती. नुसतं १ जुलै लिहिलं असतं तरी ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना ती वाढ निवृत्तिवेतनासाठी धरली जाते. १ जूनवाले तेवढे अकरा महिने राबून त्या वाढीला मुकतात. जन्मतारीख दुरुस्तीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो आणि त्याला पुरावा लागतो. 'बेंदीर' हा पुरावा नव्हे, असं तुम्हीच हसत सांगायचात. नवीन लागलेल्या प्रत्येक पोराला मात्र पहिल्याच आठवड्यात विचारायचात, "दाखल्यावरची तारीख आणि जन्मनोंद जुळते का रे? नसेल तर आत्ताच बोल, पन्नाशीत रडत येऊ नको."

आता मामांचं प्रकरण. हे पत्र खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

आपले शिपाई मामा १९८७ ला लागले आणि ३१ मे २०२३ ला साठाव्या वर्षी निवृत्त झाले. चतुर्थ श्रेणी, म्हणून अठ्ठावन्न नव्हे, साठ. निवृत्तीला दीड वर्ष असताना तुम्ही त्यांचं सेवापुस्तक कपाटातून काढलंत. नियमानं प्रकरण महालेखापालांकडे मुंबईला सहा महिने आधी पोहोचायला हवं, आणि बहुतेक कार्यालयांत सेवापुस्तक त्या सहा महिन्यांतच पहिल्यांदा उघडलं जातं. तुमचं म्हणणं असं की चूक सापडायला एक दिवस लागतो आणि निस्तरायला एक वर्ष, म्हणून दीड वर्ष.

चूक सापडलीच. १ जुलै १९९१ ते ३० जून १९९४ या तीन वर्षांची सेवा पडताळणीच नव्हती. तेव्हा मामा एका तालुक्याच्या कार्यालयात होते. तिथल्या आस्थापनेच्या माणसानं दरवर्षी 'वेतनदेयकांवरून सेवा पडताळली' एवढी एक ओळ लिहून साहेबांची सही घ्यायची होती. ती घेतली नाही. मामांची बदली झाली आणि पुस्तक तसंच पुढं आलं. त्यानंतरच्या जवळजवळ तीस वर्षांत ते पुस्तक किती टेबलांवरून गेलं! प्रत्येकानं आपल्यापुरती वेतनवाढ नोंदवली आणि मागचं पान उलटून पाहिलं नाही. त्यांची नावं इथं घेत नाही. त्यांतले काही शुक्रवारी पहिल्या रांगेत बसलेले असतील, त्यांना कळेल.

मामा आधीच्या टेबलवाल्याकडे पूर्वी स्वतः गेले होते. "पगार मिळतोय ना? मग झालं," असं उत्तर मिळालं होतं. हेच उत्तर सगळ्यात घातक आहे. पगार निघतो तो त्या महिन्याच्या हजेरीवर. निवृत्तिवेतन निघतं ते सलग सेवेवर, आणि ती सलग आहे हे कागदावर दिसावं लागतं.

हिशेब तुम्ही मामांना कागदावर मांडून दाखवला होता, तो कागद अजून फाईलमध्ये आहे. वीस वर्षं अर्हताकारी सेवा भरली की निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं बसतं, त्यामुळे तीन वर्षं गेली तरी त्या आकड्याला धक्का नव्हता. भीती वेगळी होती. पडताळणी नसलेला काळ उद्या कुणी 'सेवाखंड' म्हणून धरला आणि तो क्षमापित झाला नाही, तर त्याच्या आधीची १९८७ पासूनची सेवाही बाद होऊ शकते. मग मोजणी १ जुलै १९९४ पासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षं अकरा महिने. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, सहामाहीवर मोजतात आणि तीन महिने किंवा त्याहून जास्तीची उरलेली सेवा पूर्ण सहामाही धरतात, म्हणून अठ्ठावन्न सहामाह्या. सगळी सेवा धरली तर कमाल सहासष्ट. फरक आठ सहामाह्यांचा, दर सहामाहीला पाव महिना, म्हणजे दोन महिन्यांचा पगार गेला. शिवाय आक्षेप लागून प्रकरण परत आलं की महिने जातात ते निराळेच.

तुम्ही त्या तालुक्याच्या कार्यालयाला पत्र लिहिलंत. उत्तर आलं की जुनी वेतनदेयकं वाळवीनं खाल्ली. दुसरा कुणी असता तर ते उत्तर फाईलला लावून 'पुरावा उपलब्ध नाही' असा शेरा मारून मोकळा झाला असता. तुम्ही एस.टी.नं तिथं गेलात आणि वेतनदेयकं मागितलीच नाहीत. तुम्ही मागितली चतुर्थ श्रेणीच्या भविष्य निर्वाह निधीची खातेवही.

हे इथं सविस्तर लिहितोय, कारण तुमच्या टेबलावर सोमवारी बसणारा मुलगा हे वाचणार आहे. तृतीय श्रेणीपासून वरच्यांचा भविष्य निर्वाह निधी महालेखापालांकडे असतो, पण चतुर्थ श्रेणीचा हिशेब कार्यालय स्वतः ठेवतं. त्या वहीत प्रत्येक माणसाचं एक पान, पानावर बारा महिन्यांच्या रकान्यात कपात, आणि कपात कोणत्या देयकातून झाली त्याचा प्रमाणक क्रमांक व तारीख. वर्गणी पगारातून कापली म्हणजे पगार निघाला, पगार निघाला म्हणजे माणूस सेवेत होता. देयकं वाळवीच्या पोटात गेली असली तरी ही वही लोखंडी कपाटात होती, कारण तीत पैशाचा हिशेब होता. छत्तीसपैकी चौतीस महिने त्या वहीत लागले. उरलेले दोन महिने मामा आजारी होते. त्या रजेचा आदेश सेवापुस्तकाच्या मागच्या रजालेख्यात चिकटवलेला निघाला, फक्त पुढच्या पानांवर त्याची नोंद नव्हती. वहीच्या पानांच्या साक्षांकित प्रती घेतल्यात, त्यांवरून तिथल्याच सध्याच्या कार्यालयप्रमुखांकडून पडताळणीचं प्रमाणपत्र लिहवून घेतलंत आणि सेवापुस्तकात लाल शाईनं संदर्भ टाकलात. जिथली सेवा तिथल्या प्रमुखाची सही हवी, आपल्या साहेबांनी केलेली चालत नाही. पुष्कळ प्रकरणं याच एका सहीपायी परत येतात.

वेतन पडताळणी पथकाचंही असंच. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या आयोगाच्या वेतननिश्चिती पथकाच्या शिक्क्याशिवाय पुढं जात नाहीत. तुम्ही तिन्ही एका खेपेला पुण्याला न्यायचात. आक्षेप निघून वसुलीची भाषा आली की शांतपणे सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफिक मसीह निकाल पुढं ठेवायचात: तृतीय व चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्याकडून, तसंच वर्षभरात निवृत्त होणाऱ्याकडून, त्याची लबाडी नसताना चुकून जादा गेलेली रक्कम वसूल करता येत नाही. वेतन पुढं दुरुस्त होतं, मागचं कापत नाहीत. निवृत्तीच्या तोंडावर घाबरून 'वसुलीस संमती आहे' असं लिहून दिलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. तुमच्या टेबलावरून तसा कागद कधी गेला नाही.

पण नाना, या सगळ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. हे तुमचं काम होतं, आणि काम नीट केलं म्हणून आभार मानायची पाळी यावी ही बाकीच्यांची शोभा आहे.

पत्र लिहितोय ते त्या एका दुपारसाठी. प्रकरण मुंबईला जायच्या आधी तुम्ही मामांना सांगितलंत, "उद्या मामींना घेऊन या." मामा घाबरले, काही चुकलं की काय. मामी आल्या त्या दाराशीच उभ्या राहिल्या. त्या दालनात शिपायानं बसायची पद्धत नव्हती, मग त्याच्या बायकोनं कुठून बसावं? तुम्ही उठलात, साहेबांकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी ठेवलेली हातांची खुर्ची ओढून टेबलाला लावलीत आणि म्हणालात, "मामी, बसा. मामांचं काम झालंय. आता तुमचं राहिलंय."

मग तुम्ही कुटुंबाच्या तपशिलाचं पान उघडून त्यांच्यापुढं धरलंत. १९८७ ला मामांनी लिहून दिलेलं, त्यात मामींचं माहेरचं नाव. आधारवर, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात सासरचं. मामा असेपर्यंत हे पाच मिनिटांचं काम आहे. कर्मचाऱ्यानं विहित नमुन्यात सुधारित तपशील भरायचा, विवाहाचा दाखला किंवा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं, कार्यालयप्रमुखांनी साक्षांकित करायचं. मामा गेल्यावर तेच काम त्या बाईला एकटीनं करावं लागतं, आणि 'ही मी तीच' हे सिद्ध करत तिला तहसील, कोषागार आणि बँक असं फिरावं लागतं. संयुक्त फोटोही तुम्ही त्याच दिवशी पोवई नाक्यावर जाऊन काढायला लावलात. निवृत्तिवेतनाचं खातं दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं उघडायला सांगितलंत. मामांच्या जुन्या पगारखात्याला मामींचं नावच नव्हतं.

आणि मग तुम्ही ते बोललात, जे आम्ही कुणीच कुणाला सांगत नाही. "मामी, देव करो आणि मामा शंभर वर्षं जगोत. पण ते आधी गेले तर काय करायचं ते आत्ताच ऐका, तेव्हा डोकं चालत नाही." मामा शेजारीच बसले होते. दालनात सगळ्यांनी माना खाली घातल्या. तुम्ही मात्र बाजाराची यादी सांगावी तसं सांगत गेलात. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत एकवीस दिवसांच्या आत करायची आणि दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्यायच्या. त्या महिन्यात एटीएममधून एक रुपया काढायचा नाही, पोरांनाही काढू द्यायचा नाही. मृत्यूनंतर जमा झालेलं निवृत्तिवेतन परत जातं, आणि ते काढून खर्च झालेलं असलं की वसुली कुटुंब निवृत्तिवेतनातून होते. आधी कोषागाराला कळवायचं. सोबत निवृत्तिवेतन आदेशाची प्रत, दाखला, आधार, पासबुक. "या आदेशावर तुमचं नाव आणि तुमचा फोटो आहे. तुम्ही कुणाकडे मागायला जात नाही आहात, तुमच्या नावावर लिहिलेलं आणायला जात आहात." मामींना वाचता येत नाही, म्हणून तुम्ही त्या आदेशाच्या प्लास्टिकच्या पिशवीला लाल दोरा बांधलात. घरातल्या सगळ्या कागदांत लाल दोऱ्याचा हा एकच.

मामा गेल्या पावसाळ्यात गेले. मामी लाल दोऱ्याची पिशवी घेऊन थेट कोषागारात गेल्या. सोबत थोरली सून होती. आपल्या कार्यालयाची पायरीही त्यांना चढावी लागली नाही. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर त्या पेढे घेऊन आल्या तेव्हा तुम्ही दौऱ्यावर होता. त्यांनी पेढे कुणाला वाटले नाहीत, पुडा तुमच्या टेबलावर ठेवला. तुमच्याबद्दल विचारलं, पाणी घेतलं आणि गेल्या. त्यांच्याच वयाच्या दुसऱ्या एक बाई, नवरा दुसऱ्या एका कार्यालयातून निवृत्त झालेला, नावातल्या अशाच फरकासाठी अजून चकरा मारताहेत. तिथंही आस्थापना लिपिक आहे, त्यालाही पगार मिळतो. माणुसकीला वेगळा शासन निर्णय निघत नाही, नाना, एवढंच आम्ही म्हणू.

आता तुमचं. तुमचं प्रकरण नव्या पोरानं तयार केलं, तुम्ही फक्त बाजूला बसून चहा घेतलात, आणि ते एकही आक्षेप न लागता मंजूर होऊन आलं. निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून एकरकमी पैसे घ्यायचे, त्या अंशराशीकरणाचा हिशेब तुम्ही इतरांना इतक्यांदा समजावलाय की तो आम्हालाही पाठ झालाय. मूळ वेतन ४०,००० धरलं तर निवृत्तिवेतन २०,०००. त्यातलं चाळीस टक्के विकता येतं, म्हणजे ८,०००. वर्षाचे ९६,०००, गुणिले पुढच्या वाढदिवसाच्या एकोणसाठ वयाचा गुणक ८.३७१, हाती येतात ८,०३,६१६. दर महिन्याला ८,००० कमी, पण महागाईवाढ मात्र पूर्ण २०,००० वरच. पंधरा वर्षांनी कापलेला भाग परत सुरू. पंधरा वर्षांत कापले जातात १४,४०,०००, म्हणून ज्याला एकरकमी पैशाची खरी गरज नाही त्याला तुम्ही सांगायचात, "घ्यायचंच म्हणून घेऊ नका. पोराच्या गाडीसाठी तर मुळीच घेऊ नका." तुम्ही स्वतः चाळीस टक्के विकलेत हे आम्ही पाहिलं. घराचं कर्ज आहे, कळतं.

एक गोष्ट तुम्हालाच सांगायची आगळीक करतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला वय साठ लागतं, पण निवृत्त झालेल्याला पंचावन्ननंतरही खातं उघडता येतं. अट एवढीच की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. पूर्वी एकच महिना होता. या तीन महिन्यांत विमा एजंट, जमिनीचे दलाल आणि 'दामदुप्पट'वाले गोड बोलत दारी येतील. तुम्ही इतरांना त्यांच्यापासून वाचवलंत, आता तुमची पाळी आहे. मार्च २०२६ पर्यंत साठ पूर्ण न झालेल्यानं बँकेत फॉर्म १५-एच नव्हे, १५-जी भरायचा असायचा. हेही तुम्हीच शिकवलेलं.

दुसऱ्या इनिंगचं तुम्ही जाहीर केलंयच: दर नोव्हेंबरात गावच्या पारावर बसून हयातीच्या दाखल्यांचं काम. त्याबद्दल आमचं थोडं ऐका. कोषागारातून बँकेत आलेल्या यादीवर ज्यांना जाऊन सही किंवा अंगठा करता येतो, त्यांना बँकेतच पाठवा, उगाच मोबाईलच्या मागे लागू नका. मोबाईल काढा तो अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणि मुंबई-पुण्याला पोरांकडे राहणाऱ्यांसाठी. 'जीवन प्रमाण' या ऑनलाइन दाखल्याला बोटांचे ठसे लागतात आणि कोयता-खुरपं चालवून ज्यांची बोटं झिजलीत त्यांचे ठसे यंत्र घेत नाही. तिथं चेहऱ्याच्या पडताळणीचं ॲप वापरा: दोन ॲप लागतात, आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण. प्रकाश तोंडावर हवा, पाठीमागून उन्हाची तिरीप आली की चेहरा काळा पडतो आणि पुन्हा पुन्हा नापास होतो. म्हणून पाराच्या पूर्वेच्या बाजूला, तोंडं उगवतीकडे करून बसवा, आणि अकराच्या आत उरका. आदेशाचा क्रमांक चुकला तर दाखला तयार होतो, पण दुसऱ्याच खात्याकडे जातो आणि डिसेंबरात पैसे थांबल्यावरच कळतं. तेव्हा क्रमांक आदेशावरून बघून घाला, सांगणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. आधारला जोडलेला मोबाईल पोराकडे पुण्यात असतो, त्याला आदल्या दिवशी फोन करून ठेवायचा.

छत्री आणि सतरंजी गावचे लोक देतील. चार्जरची लांब वायर आम्ही आणतो. आणि काकूंना सोमवारी कार्यालयात घेऊन या. त्यांचं पॅनकार्डावरचं नाव आणि कुटुंबाच्या तपशिलातलं नाव यांत एका काना-मात्रेचा फरक निघालाय, नव्या पोरानंच शोधला. खुर्ची त्यानं आत्ताच टेबलाला लावून ठेवली आहे.

तुमचेच,
आस्थापना शाखेतले सगळे
सातारा, २९ मे २०२६